दहाव्या महिन्याचा हिशेब

एखाद्या सॉफ्टवेअरची किंवा ऑनलाइन सेवेची वर्गणी घ्यायला आपण किमतीच्या पानावर जातो तेव्हा वरच्या बाजूला एक छोटी सरकपट्टी दिसते. एका टोकाला ‘मासिक’, दुसऱ्या टोकाला ‘वार्षिक’. बहुतेक ठिकाणी ती आधीच वार्षिकच्या बाजूला सरकवून ठेवलेली असते. खाली ठळक अक्षरांत एक आकडा असतो, समजा 83. त्याच्या पुढे ‘दरमहा’ आणि त्याखाली फिकट अक्षरांत एक ओळ, की पैसे वर्षाचे एकदम घेतले जातील. म्हणजे डोळ्यांना दिसतात 83 आणि कार्डावरून जातात 1000. सरकपट्टी मासिककडे ओढली की तोच आकडा 100 होतो. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे सवलत, असं पान आपल्याला सांगतं. गणित म्हणून ते बरोबरच आहे. पण निर्णय या फरकावर घ्यायचा नसतो, कारण 83 हा दर फक्त पूर्ण बारा महिने वापरणाऱ्याला पडतो. सात महिने वापरून सोडलं तर त्याच माणसाला महिना 143ला पडलेला असतो, आणि हा आकडा कुठल्याच पानावर छापलेला नसतो.

म्हणून पहिला आकडा काढायचा तो हा: वार्षिक रक्कम भागिले मासिक रक्कम. 1000 भागिले 100, उत्तर 10. याला मी समतोल महिना म्हणतो. दहा महिने वापरलं तर दोन्ही योजना सारख्या पडतात, अकराव्या महिन्यापासून वार्षिक योजना फायद्यात येते. ‘दोन महिने मोफत’ ही जी जाहिरात सर्रास दिसते तिचा अर्थ एवढाच, की समतोल महिना दहावा आहे. हे दोन महिने वर्षाच्या शेवटी मिळतात, सुरुवातीला नाही. ते मिळवायचे तर आधी दहा महिने टिकून राहावं लागतं.

हा एक आकडा हातात आला की बाकीची पानं वाचायला सोपी जातात. कुणी वार्षिकवर 40 टक्के सूट देत असेल तर समतोल महिना सातवा पार झाल्यावर लगेच येतो. मग अर्धवट खात्री असली तरी वार्षिक घ्यायला हरकत नाही. कुणी फक्त 8 टक्के सूट देत असेल तर समतोल अकराव्या महिन्यावर जातो. अशा ठिकाणी वर्षभराचे पैसे आधी देण्यात अर्थ नाही, कारण एक महिना जरी वाया गेला तरी मिळालेली सूट जवळपास सगळी गेली.

आता जरा नफा-तोट्याकडे नीट पाहू. दहाच्या समतोलावर वार्षिक घेऊन सगळं सुरळीत झालं तर जास्तीत जास्त 200 वाचतात. बिनसलं तर? एका महिन्यातच मन उडालं तर 900 वाया जातात, पाच महिन्यांनी उडालं तर 500, सात महिन्यांनी 300. वाचण्याला वरची मर्यादा 200ची, आणि जाण्याला 900ची. हे तराजूचे दोन पारडे सारखे नाहीत हे एकदा दिसलं, की वार्षिक योजनेकडे बघण्याची नजरच बदलते. दर महिन्याला उरलेल्यांपैकी 3 टक्के लोक वर्गणी सोडतात असं धरलं, तर पहिल्या वर्षात माणशी सरासरी साधारण 10.2 महिने वापर होतो, म्हणजे वार्षिक आणि मासिक जवळजवळ बरोबरीत येतात. तेच 5 टक्के सोडतात असं धरलं तर सरासरी 9.2 वर येते आणि मासिक स्वस्त पडतं. स्वतःपुरतं बोलायचं तर प्रश्न इतकाच, की येत्या कुठल्याही एका महिन्यात ‘आता नको’ असं वाटण्याची शक्यता शंभरात तीनपेक्षा कमी आहे का? रोजच्या कामाच्या सॉफ्टवेअरबद्दल उत्तर बहुधा ‘हो’ असतं. मालिका बघायला घेतलेल्या सेवेबद्दल क्वचितच.

पुष्कळ जण इथे व्याजाचा मुद्दा काढतात. पैसे आधी दिले, ते आपल्याकडे राहिले असते तर व्याज मिळालं असतं. मुद्दा खरा आहे, पण लहान आहे. 1000 एकदम देण्याऐवजी बारा हप्त्यांत दिले असते तर सरासरी साडेपाच महिने ते पैसे आपल्याकडे राहिले असते. 8 टक्के दराने त्याचं व्याज साधारण 37 होतं. 200च्या सवलतीपुढे हे काही निर्णय फिरवणारं नाही. निर्णय फिरवते ती वापराची खात्री.

तसंच दरवाढीचं. वार्षिक घेतलं की वर्षभर दर बांधला जातो, हे बरोबर. समजा मासिकवाल्याला चौथ्या महिन्यापासून 20 टक्के वाढ झाली. पहिले तीन महिने 100, पुढे 120. तरीही 1000 भरायला त्याला जवळपास नऊ महिने लागतात. म्हणजे इतकी मोठी आणि इतकी लवकर दरवाढ झाली तरी समतोल दहावरून नवाच्या आसपास येतो, पाचावर नाही. दरवाढीच्या भीतीने वार्षिक घेणारे लोक एका महिन्याच्या बचतीसाठी बाकीच्या महिन्यांची जोखीम घेत असतात.

मग खात्री आणायची कशी? यासाठी एक मार्ग मला सगळ्यात चोख वाटतो. पहिले तीन महिने मासिक भरायचे आणि चौथ्या महिन्यात वार्षिकवर जायचं. याची किंमत मोजता येते. वार्षिक घेतलं असतं तर हे तीन महिने 250ला पडले असते, मासिकने 300ला पडले. म्हणजे तीन महिने पारखून घेण्याची किंमत 50. समोर 900 बुडण्याची शक्यता असताना 50 हा विमा महाग म्हणता येणार नाही. मात्र एक अट: ‘फक्त आजच’ अशा पहिल्या खरेदीच्या सवलतीत वार्षिक निम्म्याने मिळत असेल तर हिशेब नव्याने करावा लागतो, कारण तेव्हा समतोल पाचव्या महिन्यावर आलेला असतो. अशा सवलतीत आणखी एक गोष्ट पाहायची. ती सूट पहिल्या वर्षापुरती आहे, की नूतनीकरणालाही तीच किंमत लागणार आहे? ॲंटीव्हायरस आणि व्हीपीएनच्या बाबतीत पहिल्या वर्षाचा दर आणि दुसऱ्या वर्षाचा दर यांत मोठी तफावत असणं नेहमीचं आहे. दुसऱ्या वर्षाची रक्कम पैसे भरायच्या पानावर बारीक अक्षरांत असते. तुलना करायची ती त्या रकमेशी.

बघण्याच्या सेवांचा स्वभाव वेगळा आहे. तिथे वापर सलग नसतो. एक मालिका आली की दोन महिने रोज, मग तीन महिने काहीच नाही. आपण काय काय पाहिलं याची यादी सेवेच्या खात्यातच सापडते. मागच्या बारा महिन्यांपैकी किती महिन्यांत निदान चार-पाच दिवस काही पाहिलं, ते मोजायचं. उत्तर पाच आलं तर हिशेब संपलाच. पाच महिने मासिक म्हणजे 500, वार्षिक म्हणजे 1000. मासिक वर्गणी थांबवली म्हणून काही बिघडत नाही. तीच सेवा चार महिन्यांनी पुन्हा सुरू करता येते. नेटफ्लिक्सकडे तर वार्षिक योजनाच नाही, सगळा मामला महिन्याचा आहे. अशा दोन-तीन सेवा असतील तर एका वेळी एकच चालू ठेवून आलटून पालटून घेणं हा सरळ मार्ग आहे. यात एकच शिस्त लागते. मासिक घेतल्या घेतल्या त्याच दिवशी ‘रद्द करा’ दाबायचं. भरलेला महिना सहसा पूर्ण वापरायला मिळतो, फक्त पुढचा कापला जात नाही. रद्द केल्यावर पडद्यावर ‘अमुक तारखेपर्यंत वापरता येईल’ असं येतं, ती तारीख वाचून घ्यायची. मोफत चाचणीच्या काळात मात्र जपून. काही सेवांत चाचणी रद्द केली की ती तिथल्या तिथे बंद होते, शिल्लक दिवस मिळत नाहीत.

सॉफ्टवेअरला हा आलटून पालटून प्रकार लागू पडत नाही, कारण तिथे सेवेबरोबर आपल्या फायली असतात. चित्रपट बघून झाला की तो आपल्यामागे येत नाही. पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाईल वर्गणी थांबल्यावर उघडायची म्हटली तर पंचाईत होते. म्हणून सॉफ्टवेअरच्या बाबतीत समतोल महिन्याच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारावा: वर्गणी संपल्यावर माझ्या फायली दुसऱ्या कशात उघडतील का? उघडत असतील तर मासिक-वार्षिकचा हिशेब मोकळ्या मनाने करता येतो. नसतील तर तुमची वर्गणी चालूच राहणार आहे हे जवळपास ठरलेलं आहे, आणि तेव्हा वार्षिकच बरं.

इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात तो तिसरा प्रकार सांगायला हवा. मासिक आणि वार्षिक यांच्या मध्ये एक योजना असते: बांधिलकी वर्षाची, पैसे मात्र दर महिन्याला. पानावर ती मासिकसारखीच दिसते, कारण आकड्यापुढे ‘दरमहा’ असतं. अ‍ॅडोबीची अशी योजना प्रसिद्ध आहे. पहिल्या 14 दिवसांत रद्द केली तर पैसे पूर्ण परत मिळतात, त्यानंतर रद्द केली तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या 50 टक्के शुल्क भरावं लागतं. हे शुल्क ग्राहकांना नीट दिसेल असं सांगितलं जात नाही, या आरोपावरून जून 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या संस्थेच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय खात्याने कंपनीविरुद्ध खटला दाखल केला.

हे शुल्क किती लागतं ते एका उदाहरणावर घासून पाहू. समजा बांधिलकीची योजना महिना 100 आणि कधीही सोडता येणारी मोकळी योजना महिना 150. काम चार महिन्यांचं निघालं. बांधिलकीत चार महिन्यांचे 400 भरले. उरलेल्या आठ महिन्यांचे 800 होतात, त्याचे निम्मे 400 शुल्क. एकूण 800. मोकळ्या योजनेत हेच चार महिने 600ला झाले असते. 150 महाग वाटले म्हणून 100 घेतले, आणि प्रत्यक्षात महिना 200ला पडला. या आकड्यांवर दोन्ही योजना सहाव्या महिन्याला बरोबरीत येतात, दोन्हींत 900. म्हणून नियम असा, की काम सहा महिन्यांच्या आत संपणार असेल तर महाग दिसणारी मोकळी योजना स्वस्त असते. आणि पैसे भरण्याआधी ‘वार्षिक, दरमहा आकारणी’ आणि ‘मासिक’ हे दोन शब्दप्रयोग वेगळे आहेत हे डोळ्यांत तेल घालून पाहावं.

आता कुटुंब योजना. इथला हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पैशांबरोबर माणसं येतात.

वरचेच आकडे पुढे नेऊ. एकट्याची वार्षिक योजना 1000, सहा जणांची कुटुंब योजना 1700. पहिली चूक इथेच होते. 1700 भागिले 6 केलं की 283 येतात, आणि माणशी 717 वाचले, सहा जणांचे मिळून 4300 वाचले असं वाटतं. पण त्या सहा जणांपैकी किती जणांनी ही वर्गणी एरवी स्वतः घेतली असती? दोघांनीच घेतली असती तर एरवी घरातून 2000 गेले असते, आता 1700 जातात, म्हणजे बचत 300. उरलेल्या चौघांना जे मिळालं ते आनंदाचं आहे, पण ती बचत नव्हे. फक्त एकालाच गरज असेल तर कुटुंब योजना 700ने महाग आहे. तेव्हा आधी गरजूंची डोकी मोजायची. दोन झाली की या दरात कुटुंब योजना घ्यायला हरकत नाही. तीन झाली की विचार करायची गरज नाही. फक्त दोघंच असतील तर दोघांसाठीची वेगळी योजना आहे का तेही पाहावं. स्पॉटिफायकडे अनेक देशांत ती आहे.

डोकी मोजून झाली की ‘सहा जागा’ म्हणजे नक्की काय मिळतं ते पाहायचं, कारण या शब्दाचा अर्थ प्रत्येक सेवेत वेगळा आहे. मायक्रोसॉफ्ट 365च्या कुटुंब योजनेत सहा जणांपर्यंत प्रत्येकाला स्वतःची 1 टीबी साठवण मिळते. एकाची भरली म्हणून दुसऱ्याला अडचण होत नाही. गुगल वनमध्ये मुख्य सभासद आणखी पाच जणांना सामावून घेऊ शकतो, पण साठवण एकच असते आणि सगळे तीच वापरतात. एकाने व्हिडिओंनी ती भरून टाकली तर बाकीच्यांपैकी ज्यांची स्वतःची मोफत जागाही संपली आहे त्यांच्या फोटोंचा बॅकअप थांबतो, आणि त्यांच्या जीमेलवर मेल येणंही बंद होऊ शकतं. एकमेकांच्या फायली दिसत नाहीत, जागा तेवढी एकाच हौदातली असते. बघण्याच्या सेवांत तिसराच प्रकार: तिथे प्रोफाईल कितीही केली तरी एका वेळी किती पडद्यांवर चालेल यावर बंधन असतं. नेटफ्लिक्सच्या स्टँडर्डमध्ये दोन, प्रीमियममध्ये चार. पाच प्रोफाईल म्हणजे पाच जागा असं समजून पाच जणांकडून पैसे घेतले, तर सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्याच्या पडद्यावर संदेश येतो की खूप ठिकाणी चालू आहे, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

एकाच घराचा नियमही इथेच वाचायचा. स्पॉटिफायची कुटुंब योजना एका पत्त्यावर राहणाऱ्यांसाठी आहे, आणि पत्ता पडताळला जातो. यूट्यूब प्रीमियमच्या कुटुंब योजनेतही सगळे एकाच घरात राहणारे हवेत. नेटफ्लिक्सने मे 2023 पासून अनेक देशांत पासवर्ड घराबाहेर वाटण्यावर बंधन आणलं, बाहेरच्याला जोडायचं तर जादा पैसे भरावे लागतात. गुगलच्या कुटुंब गटात सगळे एकाच देशातले असावे लागतात. म्हणून इंटरनेटवर अनोळखी लोक जमवून जागा विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. नियमाचा भंग तर होतोच, पण पैसे गेले की परत मागायला समोर माणूसच नसतो. भाऊबंद वेगवेगळ्या गावी राहत असतील तर ज्या सेवेचे नियम तशी मुभा देतात तीच निवडावी, आणि गाणी-चित्रपटांच्या योजना ज्याच्या त्याच्या घरापुरत्या ठेवाव्यात.

आता वाटणी. नियमात बसणारी, प्रत्येकाला स्वतंत्र साठवण देणारी एक योजना घेऊ: वर्षाला 1700, सहा जागा. धाकटी बहीण कार्ड देते, म्हणून ती मुख्य सभासद. सोबत आई, दादा, वहिनी, मावशी आणि मावसभाऊ. प्रत्येकाच्या वाट्याला 283 येतात, दरमहा धरले तर 23.6. बहिणीने 1700 एकदम भरले आणि बाकीच्यांनी दर महिन्याला द्यायचे ठरलं. चार महिन्यांनी मावसभाऊ म्हणाला, “ताई, मी आता ते वापरतच नाही गं,” आणि मावशीनेही अंग काढून घेतलं. दोघांचे उरलेले आठ महिने, महिना 23.6, म्हणजे साधारण 378 बहिणीच्या अंगावर आले. स्वतःचे 283 धरून तिचे 661 झाले. एकटीने घेतलं असतं तर 1000 पडले असते, तेव्हा अजूनही ती फायद्यातच आहे. पण तिला तसं वाटत नाही, कारण बाकीचे तिघं 283मध्ये आहेत आणि ती दुपटीहून जास्त देते आहे.

या सगळ्यात कार्ड देणाऱ्याची खरी जोखीम किती, हे एका वजाबाकीत कळतं. कुटुंब योजना 1700, एकट्याची योजना 1000, फरक 700. कार्ड देणाऱ्याला एकट्यासाठी 1000 तसेही द्यायचेच होते, म्हणून बुडण्याची भीती या 700चीच आहे. हे 700 आधी हातात आले की पुढे कुणी काहीही केलं तरी तिचं नुकसान होत नाही. तिघांनी आपापले 283 वर्षाच्या सुरुवातीला दिले तर 850 होतात, म्हणजे 700 भरून निघाले. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की वार्षिक कुटुंब योजनेत पैसे दर महिन्याला गोळा करूच नयेत. दर महिन्याला 23 मागणं मागणाऱ्यालाही जड जातं आणि देणाऱ्यालाही. निदान तिघांकडून वर्षाचे पैसे आधी घ्यावेत, मगच वार्षिकचं बटण दाबावं. ते जमत नसेल तर कुटुंब योजना मासिक घ्यावी. त्यात वर्षाला थोडे जास्त जातात, पण कुणी गळालं तर पुढच्या महिन्यापासून योजना बदलता येते.

बोलून ठरवायच्या गोष्टी तीनच आहेत, आणि त्या घरच्या ग्रुपवर लिहून ठेवल्या की पुरे. मध्येच सोडलं तर पैसे परत मिळणार नाहीत, पण आपल्या जागी दुसरं माणूस आणता येईल. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी प्रत्येकाने हो किंवा नाही सांगायचं. आणि साठवण सामायिक असेल तर, कुणा एकाच्या वापरामुळे वरची योजना घ्यावी लागली तर फरक त्याने भरायचा. या तिसऱ्या कलमावाचून गुगल वनसारख्या हौदाच्या योजनेत वाटणी टिकत नाही. चौघं 15-20 जीबी वापरतात आणि पाचवा एकटा टीबीभर व्हिडिओ ठेवतो, तेव्हा सारखी वाटणी सारखी राहत नाही. कोण किती वापरतं ते मुख्य सभासदाला साठवणीच्या पानावर माणशी दिसतं. वर्षातून दोनदा तेवढं पाहिलं तरी पुरतं.

कार्ड देणाऱ्याने आणखी एक सेटिंग तपासावं. अ‍ॅपलच्या कुटुंब गटात खरेदी सामायिक करण्याची सोय चालू असेल, तर बाकीच्यांनी घेतलेली ॲप आणि इतर खरेदी मुख्य सभासदाच्या कार्डावर पडते. वर्गणी वाटून घ्यायला एवढं उघडं ठेवायची गरज नसते. वर्गणी सामायिक ठेवून खरेदीची सोय वेगळी बंद करता येते. त्या कार्डाची मुदत संपली किंवा कार्ड बदललं तर सहाही जणांची सेवा एकदम अडते, म्हणून कार्डाची मुदत नूतनीकरणाच्या तारखेच्या पुढची आहे ना, ते घेतानाच पाहावं.

नव्याने गटात येणाऱ्याकडे आधीची स्वतःची वर्गणी असते, हेही विसरलं जातं. गटात सामील झाल्यावर ती आपोआप बंद होईलच असं नाही. दोन-तीन महिने दोन्हीकडून पैसे जात राहतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. फोनवर ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. आयफोनवर Settings मध्ये आपल्या नावावर जाऊन Subscriptions, आणि अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाईलच्या चित्रावर जाऊन Payments & subscriptions, इथे स्टोअरमधून घेतलेल्या वर्गण्या दिसतात. अ‍ॅपलच्या स्टोअरमधली वर्गणी नूतनीकरणाच्या निदान 24 तास आधी रद्द करावी लागते. वेबसाईटवरून थेट घेतलेल्या वर्गण्या या यादीत येत नाहीत, त्या कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये शोधाव्या लागतात. वार्षिक वर्गण्यांसाठी पूर्ण बारा महिन्यांची स्टेटमेंट पाहावी लागतात. तीनच महिन्यांची पाहिली तर वर्षातून एकदा जाणारी रक्कम नजरेतून सुटते, आणि मोठी रक्कम नेमकी तीच असते. सापडली की कॅलेंडरमध्ये नूतनीकरणाच्या तीन आठवडे आधीची आठवण लावायची. आदल्या दिवशीची नाही, कारण सहा जणांना विचारायला आणि फायली हलवायला तेवढा वेळ लागतो.

गटातून बाहेर पडणाऱ्याने घाई करू नये. कुटुंबाची साठवण गेली की त्याच्या खात्याची मर्यादा मोफत कोट्यावर येते. गुगलच्या खात्यात 15 जीबीपेक्षा जास्त भरलेलं असेल तर फायली लगेच जात नाहीत, पण नवं काही चढत नाही, आणि दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिल्यास त्या काढून टाकल्या जाऊ शकतात. तेव्हा आधी सगळं उतरवून घ्यावं, दुसऱ्या डिस्कवर उघडून पाहावं, मगच बाहेर पडावं. आणि दुसऱ्या गटात जायचा विचार असेल तर तो आधी पक्का करावा. गुगलचा कुटुंब गट बारा महिन्यांत एकदाच बदलता येतो, आणि स्पॉटिफायच्या कुटुंब योजनेलाही असंच बारा महिन्यांचं बंधन आहे. घाईने चुकीच्या गटात शिरलेला माणूस मग वर्षभर तिथेच अडकून राहतो, किंवा एकट्याचे पूर्ण 1000 भरतो.